वहीचं पत्र की गुणपत्रिकेचं? दुसऱ्या वर्षाला वकिलाकडे इंटर्नशिप मागताना

मार्चच्या शेवटी आमच्या गल्लीतली एक मुलगी संध्याकाळी ऑफिसात आली. जळगावला तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर मूळचं रावेर तालुक्यातलं, केळीवालं. हातात दोन कागद होते. म्हणाली, "काका, दोन पत्रं लिहिली आहेत. कोर्टात कधी काम केलेलं नाही, त्यामुळे अनुभवाच्या जागी काय लिहायचं तेच कळत नाही. यातलं कोणतं पाठवू?"

दोन्ही पत्रं मी तिच्यासमोरच वाचली. दरवर्षी अशी मुलं येतात आणि प्रत्येकाची अडचण हीच असते, म्हणून त्या दोन कागदांची तुलना इथे सविस्तर मांडतो.

पहिल्या पत्राचा गाभा असा होता:

> मी एलएल.बी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून मला कायद्याची अत्यंत आवड आहे. प्रथम वर्षी मला ६४ टक्के गुण मिळाले. करार कायदा हा माझा आवडता विषय आहे. महाविद्यालयाच्या मूट कोर्ट स्पर्धेत मी सहभाग घेतला होता. मला प्रत्यक्ष कामाचा अनुभव नाही, तरी आपल्या मार्गदर्शनाखाली शिकण्याची संधी मिळावी ही नम्र विनंती.

आणि दुसऱ्याचा असा:

> आमची रावेर तालुक्यात केळी आहे. गेली तीन वर्षं कापणीचा हिशोब मी ठेवते: तारीख, वजन, भाव, मिळालेली रक्कम, बाकी. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याने बाकीच्या रकमेवर हरकत घेतली. तेव्हा मी वही आणि वजनकाट्याच्या पावत्या एकेक करून ताडून पाहिल्या. अकरा कापण्यांपैकी दोन कापण्यांच्या पावत्या आमच्याकडे नव्हत्या. त्या दोन मी वेगळ्या काढल्या आणि बाकी नऊंचा हिशोब समोर ठेवला. नऊंचे पैसे मिळाले.

दुसरं पत्र पाठवायला तिला लाज वाटत होती. "केळीचा हिशोब वकिलाला काय सांगायचा," असं तिचं म्हणणं. पहिलं पत्र तिला जास्त 'वकिली' वाटत होतं.

मी दिवाणी आणि फौजदारी दोन्ही बाजूंची कामं चालवतो. माझ्याकडे ही दोन्ही पत्रं आली असती, तर पहिलं मी बाजूला ठेवलं असतं आणि दुसरं लिहिणारीला फोन केला असता. कारण सरळ आहे. पहिल्या पत्रातलं एकही वाक्य असं नाही जे तिच्या वर्गातला दुसरा कुणी लिहू शकणार नाही. आवड सगळ्यांनाच आहे, करार कायदा सगळ्यांनीच अभ्यासला आहे. ६४ टक्क्यांवरून मला एवढंच कळतं की मुलगी पास झाली. वजनकाट्याच्या पावत्यांच्या परिच्छेदात मात्र ती मला काम करताना दिसते.

त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य दोन पावत्या नव्हत्या हे आहे. व्यापाऱ्याशी वाद सुरू असताना आपल्या हिशोबातला कच्चा भाग स्वतःहून ओळखणं आणि तो पक्क्या भागात न मिसळणं, वकिलाच्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून लागणारं काम ते हेच. पक्षकार पिशवीभर कागद घेऊन येतो आणि 'सगळं आहे साहेब' म्हणतो. त्या पिशवीतून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही हे वेगळं करणारा माणूस मला हवा असतो. हे गुणपत्रिकेत दिसत नाही.

तरीही दुसरं पत्र जसंच्या तसं पाठवू नको, असं मी तिला सांगितलं. त्यात दोन उणिवा होत्या.

पहिली उणीव अशी की पत्र केळीवरच थांबत होतं. आपण केलं त्याचा कायद्याशी कुठे सांधा लागतो, हे तिला माहीत होतं पण लिहिलं नव्हतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये, व्यवसायात नियमित ठेवलेल्या हिशोबाच्या वह्यांतल्या नोंदी पुराव्यात येतात, पण केवळ त्या नोंदींवरून कुणावर देणं लादता येत नाही. तिची वही एकटी पुरली नसती, वजनकाट्याच्या पावतीची जोड लागलीच. हे तिने त्या वेळी कलम न वाचता केलं होतं. म्हणून मी तिला एकच वाक्य जोडायला सांगितलं: 'नंतर साक्ष्य अधिनियमाचं कलम २८ वाचताना लक्षात आलं की नुसती वही का पुरत नाही.' एवढं पुरे आहे. तीन-चार कलमं ओळीने टाकली की वाचणाऱ्याला ती पाठ केलेली वाटतात.

जाता जाता एक गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत, पण त्याआधी सुरू झालेल्या खटल्यांमुळे कोर्टात जुनी आणि नवी दोन्ही कलमं रोज तोंडात असतात. पत्रात कलम लिहायचंच असेल तर नवं लिहा आणि जुनं त्याच्या शेजारी. फक्त जुनं लिहिलेलं दिसलं की पुस्तक कुणाकडून तरी जुनं मिळालंय हे कळतं.

दुसरी उणीव जास्त गंभीर होती. तिच्या मूळ मसुद्यात व्यापाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव होतं, वर उतारा देताना मी ते गाळलं आहे. ते मी खोडायला लावलं. जळगाव, भुसावळ, रावेर इथला वकीलवर्ग लहान आहे आणि केळीचे व्यापारी मोजके. ज्या वकिलाला पत्र जाईल त्याचाच तो पक्षकार निघू शकतो. मग त्या वकिलापुढे पेच येतो आणि मुलीबद्दल पहिलं मत असं होतं की हिला दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलाने शेजाऱ्याच्या बांधाच्या भांडणाची सगळी हकिकत नावांसकट मला लिहून पाठवली होती. हकिकत चांगली मांडली होती, पण त्यातली समोरची बाजू माझ्याकडे वकीलपत्र देऊन बसलेली होती. त्याला मला नाही म्हणावं लागलं. नावाऐवजी 'एक व्यापारी' लिहिलं तर गोष्टीतलं काहीच कमी होत नाही. आणि घरातला कुणी खरोखरच कोर्टात वादी किंवा प्रतिवादी असेल, तर ते पत्रात लिहू नका, भेटीत पहिल्या पाच मिनिटांत सांगा. वकिलाला ते कळणं गरजेचं आहे.

आता गुणपत्रिकेच्या पत्राकडे परत येतो, कारण त्याला मी निकामी म्हणत नाही. ते कुणाला पाठवायचं यावर सगळं अवलंबून आहे.

समजा पत्र छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात काम करणाऱ्या वकिलाकडे जाणार आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाकडे येतात, त्यामुळे आपल्याकडची मुलं तिकडे अर्ज करतातच. तिथलं काम वेगळं. खालच्या कोर्टात पुरावा होऊन गेलेला असतो, वर त्या कागदांवर कायद्याचा मुद्दा मांडायचा असतो. तिथे मूट कोर्ट आणि अभ्यास यांना वजन आहे. पण 'सहभाग घेतला होता' या तीन शब्दांना नाही. मी तिला विचारलं, मूटमध्ये काय मांडलंस? तेव्हा तिने पाच मिनिटं छान सांगितलं. जमीन खरेदीच्या करारनाम्याची पूर्तता करून मिळावी असा दावा होता आणि ती प्रतिवादीकडून होती. तिचा मुद्दा असा की विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १६ (सी) मध्ये २०१८ च्या दुरुस्तीने वादीने आपली तयारी दाव्यात कथन करण्याची अट गेली, पण ती तयारी सिद्ध करण्याची अट तशीच आहे, आणि या वादीने पैसे तयार असल्याचा एकही कागद दिलेला नाही. हे सगळं तिच्या डोक्यात होतं आणि पत्रात त्याच्या जागी 'सहभाग' हा एक शब्द. पहिलं पत्र पडत होतं ते इथे.

दुरुस्त केलेला परिच्छेद असा झाला:

> महाविद्यालयाच्या मूटमध्ये मी करारपूर्तीच्या दाव्यात प्रतिवादीकडून होते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर वादीला आपली तयारी दाव्यात कथन करावी लागत नसली तरी ती सिद्ध करावी लागतेच, हा माझा मुद्दा होता. त्यासाठी तयार केलेलं दोन पानी टिपण सोबत जोडलं आहे.

अशा पत्रासोबत ते दोन पानी टिपण जायलाच हवं. वाचणारा पत्रावर विश्वास ठेवणार नाही, टिपणावर ठेवेल. टिपण स्वतःचं असावं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य भेटीत तोंडी सांगता यावं.

खंडपीठासाठी आपल्या मुलांकडे आणखी एक भांडवल आहे आणि ते ती कधीच लिहीत नाहीत. खालच्या कोर्टातले आपले जबाब, सातबारा, फेरफार, पंचनामे मराठीत असतात, आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. त्या कागदांची भाषांतरं करावी लागतात. ज्याला 'इतर हक्कात बोजा', 'पोटखराबा', 'वहिवाट' हे शब्द घरच्या सातबाऱ्यावरून माहीत आहेत आणि इंग्रजीही बरं लिहिता येतं, तो पहिल्या आठवड्यातच उपयोगी पडतो. त्या मुलीने घरच्या उताऱ्यावर वारसांची नावं लावताना तलाठी कार्यालयात हेलपाटे घातले होते. हे एक वाक्य मी खंडपीठाच्या पत्रात घालायला लावलं. हे पत्र इंग्रजीत लिहावं.

जळगाव किंवा रावेरच्या वकिलाला लिहिताना मात्र मराठीतच लिहा. खालच्या कोर्टाची भाषा मराठी आहे. दावे, कैफियती, पुरशिसा मराठीत टाइप होतात. ज्याचं मराठी पत्र स्वच्छ, त्याच्याकडे उद्या नोटिशीचा मसुदा देता येईल हे आम्ही पाहतो. इथे पहिल्या पत्रातली 'अत्यंत आवड', 'नम्र विनंती' ही भाषा आड येते. आणि अहिराणी किंवा लेवा बोली येत असेल तर तेही लिहा. तोंडी हकिकत ऐकताना त्याचा केवढा फरक पडतो हे ज्याने म्हाताऱ्या पक्षकारासोबत तासभर काढला आहे त्याला माहीत आहे.

तिसरा पर्याय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. त्याचा सचिव न्यायिक अधिकारी असतो, त्यामुळे पत्र कॉलेजच्या प्राचार्यांच्या शिफारसपत्रासोबत द्यावं. इथे वहीचं पत्रच चालतं, पण गोष्ट बदलावी लागते. प्राधिकरणाकडे येणारी माणसं १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली येतात: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले आरोपी, कमी उत्पन्नाचे लोक. म्हणून लोकांचे अर्ज भरून दिले असतील, बचत गटाचा हिशोब ठेवला असेल, तर ते पुढे आणा. नंदुरबारला अर्ज करणाऱ्याने भिली किंवा पावरी कितपत येते हे स्पष्ट लिहावं. समजते पण बोलता येत नाही असं असेल तर तसंच लिहा. धडगावच्या शिबिरात पहिल्याच दिवशी ते उघड होतं.

ओळखीने पाठवलेल्या पत्राबद्दल फार लिहीत नाही. 'अमुक साहेबांनी आपलं नाव सुचवलं' हे वाक्य एकदा यावं, पहिल्या ओळीत यावं, आणि त्या साहेबांना विचारून यावं.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी इथे थोडं थांबावं. तुमची पहिली दोन वर्षं राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असल्या विषयांतही जातात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या वर्षाएवढे कायद्याचे पेपर तुमचे झालेले नसतात. गुणपत्रिकेचं पत्र तुमच्यासाठी आणखी विरळ होतं. तुम्ही कुठेही अर्ज करा, केलेल्या कामाचा परिच्छेद आधी ठेवा. घरी शेती-धंदा नसेल तर पतपेढीत सुट्टीत केलेली नोंदणी चालेल, गणेश मंडळाचा जमाखर्च चालेल, शिकवणीतल्या पोरांच्या फीची वही चालेल. अट एकच: त्यात कागद, तारीख आणि एखादी अडचण असावी, आणि त्या अडचणीत तुम्ही नेमकं काय केलंत ते असावं.

कुठलंही पत्र निवडलं तरी काळाची चूक दोन्हींत सारखीच होते, आणि चांगली पत्रं त्यामुळे वाया जातात. मुलांना सुट्टी मे महिन्यात असते म्हणून ती मे मागतात. पण त्याच सुमारास कोर्टालाही उन्हाळी सुट्टी असते, जूनच्या सुरुवातीपर्यंत. तातडीची कामं सोडली तर तारखा नसतात, उलटतपास ऐकायला मिळत नाही, रोजनामा कसा लिहितात ते दिसत नाही. मे मागायचाच असेल तर मसुदे, टायपिंग आणि जुन्या फाइली लावण्यासाठी मागा आणि तसं पत्रात लिहा. साक्षी ऐकायच्या असतील तर जूनच्या मध्यापासून पुढचं मागा.

मुदतीचंही तसंच. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. शिवाय खालच्या कोर्टात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी जावंच लागतं. 'दोन-तीन महिने सलग काम करायची तयारी आहे' असं लिहिणारा मुलगा उत्साही असतो, पण त्याने नियम वाचलेला नाही हे पहिल्याच पानावर कळतं. चार आठवडे मागा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख टाका. 'मला केस चालवण्याची संधी द्यावी' असंही लिहू नका. सनद मिळेपर्यंत कोर्टापुढे उभं राहून बोलता येत नाही, वकीलपत्रावर सही करता येत नाही. त्याऐवजी आपण काय करू शकतो ते मागा: नक्कल अर्ज भरणं, फाइलीची तारीखवार यादी काढणं, ई-कोर्टच्या संकेतस्थळावर खटल्याच्या सीएनआर क्रमांकावरून पुढची तारीख बघणं.

तारखांच्या यादीवरून एक उदाहरण त्या मुलीला मी करून दाखवलं, कारण तिच्या वहीचा उपयोग तिथे थेट होतो. केळीच्या बाकीपोटी दिलेला चेक परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली सगळं तारखांवर चालतं. बँकेचा मेमो ३ जूनला हातात आला असेल तर तिथून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. नोटीस २० जूनला टाकली आणि समोरच्याला २४ जूनला मिळाली, तर पैसे द्यायचे १५ दिवस २४ पासून मोजायचे, २० पासून नाही. ते ९ जुलैला संपतात आणि त्यानंतर फिर्यादीसाठी एक महिना मिळतो. नवीन मुलगा हमखास नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून मोजतो, आणि मग फिर्याद मुदतीआधीच दाखल होते. तिने लगेच वही उघडली. तिच्या वहीत माल गेल्याची तारीख आणि पैसे आल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने होते, पहिल्या पानापासून. मी म्हटलं, हे पत्रात लिही.

अखेर तिने दोन पत्रं तयार केली. जळगावच्या वकिलाला मराठीत वहीचं, संभाजीनगरला इंग्रजीत मूटचं, टिपणासकट. दोन्ही एका पानात, अडीचशे-तीनशे शब्दांत. गुण बायोडाटात गेले. 'अनुभव नाही' हे वाक्य तिने दोन्हींतून काढलं, कारण दुसऱ्या वर्षाला अनुभव नसतो हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं आणि ते वाक्य फक्त जागा खातं. संभाजीनगरच्या पत्रात मावशीकडे राहण्याची सोय आहे ही ओळ आली, म्हणजे समोरच्याला तो प्रश्न उरत नाही. जळगावच्या पत्राचा शेवट तिने असा केला:

> दि. १५ जून ते १२ जुलै या चार आठवड्यांत रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सात मी येऊ शकेन. मराठी टायपिंग येतं, लेवा बोली घरची आहे. दहा दिवसांनी एकदा कोर्ट सुटल्यावर आपल्या ऑफिसात येऊन विचारीन, चालेल ना ते कळवावं. येताना हिशोबाची वही आणि पावत्या सोबत आणीन.